अविद्येतला ‘अ’

एका घरात दोन जावांचे महिनाभर बोलणे नसेल, तर त्यांनी अबोला धरला आहे असे आपण म्हणतो. एसटीच्या बाकावर शेजारी बसलेली दोन अनोळखी माणसे पुण्यापासून सोलापूरपर्यंत एक शब्द बोलली नाहीत, तरी त्यांच्यात अबोला आहे असे कोणी म्हणत नाही. बोलणे दोन्हीकडे सारखेच नाही. पण अबोला धरावा लागतो, टिकवावा लागतो, कधी तो सुटतो आणि कधी मुद्दाम सोडवावा लागतो. त्या शब्दाच्या आरंभीचा ‘अ’ बोलण्याचा केवळ अभाव सांगत नाही. बोलण्याला आडवी येणारी, माणसांनी उभी केलेली एक गोष्ट तो सांगतो. ‘अवेळी’ या शब्दातही वेळ नसते असे नाही, नको ती वेळ असते. ‘अमराठी’ म्हटले की मराठी नसलेला माणूसच डोळ्यांपुढे येतो. दगड किंवा झाडही मराठी नसते, पण त्याला कोणी अमराठी म्हणत नाही.

हे भेद आपण रोज न चुकता पाळतो. मात्र एखादा शास्त्रातला शब्द समोर आला की तेच आपल्याकडून पुसले जातात. ‘अविद्या’ म्हणजे विद्या नसणे, आणि ‘विद्या’ म्हणजे शिक्षण किंवा माहिती, असे धरून आपण पुढे जातो. मग माणसाच्या सगळ्या दुःखाचे मूळ अविद्या आहे असे योगशास्त्र किंवा बौद्ध धर्म सांगतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘लोकांना ठाऊक नाही म्हणून ते दुःखी आहेत’ इतकाच उरतो. या शास्त्रांना तसे म्हणायचे नव्हते. आपला शब्द असा वाचला जाईल याची त्यांना पुरेपूर जाणीव होती, म्हणून या एका अक्षरावर त्यांनी शतकानुशतके नेटाने वाद घातला.

संस्कृत व्याकरणात या नकाराचे नाव नञ्. मूळ शब्द ‘न’ एवढाच. शेवटचा ञ् ही पाणिनीने ओळखीसाठी लावलेली खूण आहे. समासात या ‘न’मधला न् गळतो आणि ‘अ’ राहतो. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर मध्ये पुन्हा न् येतो, म्हणून ‘अविद्या’ पण ‘अनात्मा’, ‘अयोग्य’ पण ‘अनुचित’. रूपाचा नियम इथे संपतो. अर्थाचा नियम इतका सरळ नाही. वैयाकरणांच्या परंपरेने नञ्चे सहा अर्थ मानले आहेत: सारखेपणा, अभाव, वेगळेपणा, अल्पता, हीनपणा आणि विरोध. ‘अनुदरा’ कन्या म्हणजे पोटच नसलेली मुलगी नव्हे, बारीक कमरेची मुलगी. तिथे अल्पता आहे. ‘अधर्म’ म्हणजे धर्म नसलेली रिकामी जागा नव्हे, धर्माच्या विरुद्ध जाणारे आचरण. सहा अर्थांची ही यादी सोयीची असली तरी समोरच्या शब्दात सहापैकी कोणता अर्थ आहे, हे ती सांगत नाही. ते ठरवायला दुसरा, अधिक मूलभूत भेद लागतो.

नकार कशाला चिकटला आहे, हा तो भेद. ‘तो जात नाही’ या वाक्यात नकार क्रियेला लागतो. एक गोष्ट आधी शक्य म्हणून पुढे येते, मग तिचा निषेध होतो, आणि निषेध करून वाक्य थांबते; त्या जागी दुसरे काही आणून ठेवत नाही. याला प्रसज्यप्रतिषेध म्हणतात. दुसऱ्या प्रकारात नकार नामाला लागतो आणि एक गोष्ट वगळून दुसरीकडे बोट दाखवतो. त्याला पर्युदास म्हणतात. पतंजलीने महाभाष्यात याचे अगदी व्यवहारातले उदाहरण दिले आहे. ‘अब्राह्मणाला घेऊन ये’ असे सांगितल्यावर कोणी मातीचे ढेकूळ उचलून आणले, तर काम झाले असे होत नाही. ढेकूळ ब्राह्मण नाही हे खरे असले, तरी ऐकणाऱ्याला कळते की माणूसच आणायचा आहे, फक्त ब्राह्मण सोडून दुसरा. इथल्या नकाराने वर्ग कायम ठेवला आणि त्यातला एक भाग बाजूला काढला.

हे दोन प्रकार शब्दाच्या रूपावरून ओळखता आले असते तर काम सोपे झाले असते, पण तसे होत नाही. ‘असूर्यंपश्या’ हा शब्द घ्या. सूर्यही जिच्या दृष्टीस पडत नाही अशी, अंतःपुरात राहणारी राणी, असा त्याचा अर्थ. अक्षरे पाहिली तर ‘अ’ सूर्याला चिकटलेला आहे, आणि तसाच वाचला तर ‘सूर्य सोडून बाकी सगळे पाहणारी’ असा भलताच अर्थ निघेल. खरा नकार पाहण्याला आहे. समासाने त्याला चुकीच्या जागी बसवले आहे आणि वाचणाऱ्याने त्याला मनातल्या मनात योग्य जागी न्यायचे आहे. पाणिनीला हे रूप एका वेगळ्या सूत्राने मान्य करावे लागले, कारण लोक ते वापरत होते. व्याकरण अशा ठिकाणी वापराच्या मागून चालते, आणि हीच गोष्ट पुढे अविद्येच्या बाबतीत निर्णायक ठरली.

पतंजलीच्या योगसूत्रांत दुसऱ्या पादाच्या आरंभी पाच क्लेश मोजले आहेत: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश. (महाभाष्यकार पतंजली आणि हा पतंजली एकच का, हा वाद इथे नको.) लगेच पुढचे सूत्र सांगते की अविद्या ही बाकी चौघांचे शेत आहे. ते चौघे कधी झोपलेले, कधी क्षीण झालेले, कधी मध्येच तुटलेले, तर कधी पूर्ण फोफावलेले असतात, आणि या सगळ्या अवस्थांत त्यांना जमीन मिळते ती अविद्येची. इथे पहिली शंका उभी राहते. नसलेल्या गोष्टीत पीक कसे येईल? एखाद्या पारिभाषिक शब्दातला ‘अ’ तपासायचा असेल तर तो शब्द त्या शास्त्रात काय काम करतो हे आधी पाहावे, असे मला वाटते ते यामुळे. जो शब्द कारण म्हणून येतो, ज्याचे प्रकार पडतात, जो वाढतो आणि क्षीण होतो, त्याच्या पोटात नुसता अभाव असणे अवघड आहे.

त्यापुढचे पाचवे सूत्र अविद्येची व्याख्या देते. अनित्य वस्तू नित्य वाटणे, अपवित्र ते पवित्र वाटणे, दुःख ते सुख वाटणे आणि अनात्मा तो आत्मा वाटणे, अशी तिची चार रूपे आहेत. या एका सूत्रात ‘अ’ एकदा नव्हे, चारदा येतो. अनित्य, अशुचि, अनात्मा आणि स्वतः अविद्या. ‘अनात्मा’ म्हणजे शरीर, मन, बुद्धी, जवळची माणसे, संपत्ती, म्हणजे आत्म्याहून वेगळ्या पण खऱ्याखुऱ्या असलेल्या वस्तू. तिथे वेगळेपण आहे. ‘अशुचि’ शुचीच्या उलट आहे. आणि तिसरी जोडी पाहिली तर सूत्रकाराने ‘असुख’ असे न म्हणता सरळ ‘दुःख’ म्हटले आहे. नित्य-अनित्य, शुचि-अशुचि, आत्मा-अनात्मा यांच्या रांगेत सुख-दुःखाची जोडी सहज बसते, यावरूनच कळते की त्या रांगेतल्या ‘अ’लाही रिकामेपणा दाखवायचा नाही. प्रत्येक ठिकाणी समोर काहीतरी आहे आणि ते दुसरेच समजले जात आहे.

योगसूत्रांवर व्यासभाष्य नावाचे जुने भाष्य आहे. त्याने इथे थांबून दोन शब्द दाखले म्हणून दिले, आणि ते दोन्ही विचारपूर्वक निवडलेले आहेत. पहिला ‘अमित्र’. अमित्र म्हणजे मित्राचा अभाव नव्हे आणि मित्रही नव्हे. अमित्र म्हणजे शत्रू. ज्याला कोणी मित्र नाही अशा एकट्या माणसाभोवती अमित्र असतातच असे नाही. दुसरा दाखला ‘अगोष्पद’ हा आजच्या वाचकाला अनोळखी वाटेल. गोष्पद म्हणजे गायीचे पाऊल, आणि त्यावरून गायींच्या वर्दळीची जागा. पण अगोष्पद म्हणजे चुकून गायीचा खूर न उमटलेली अंगणातली मोकळी जागा नव्हे. जिथे गायी जाऊच शकत नाहीत अशा घनदाट अरण्याला तो शब्द लागत असे. भाष्यकाराचे म्हणणे असे की तो एक प्रदेश आहे, स्वतंत्र वस्तू आहे. अविद्याही तशीच. ती खरे ज्ञान नव्हे, खऱ्या ज्ञानाचा अभावही नव्हे. विद्येच्या उलट असलेले ते दुसरे एक ज्ञान आहे. दोरीला साप समजणाऱ्याच्या मनात ज्ञानाची उणीव नसते. त्याच्या मनात सापाचे ज्ञान भरलेले असते आणि त्या ज्ञानाने तो पळत सुटतो.

दाखल्यांनी मन वळते, पण शंका फिटत नाही. नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या मिथिलेच्या वाचस्पती मिश्राने ही शंका पुरती पिंजून काढली. व्यासभाष्यावरच्या आपल्या तत्त्ववैशारदी या टीकेत तो विचारतो की ‘अविद्या’ हा समास कोणता? तीन वाटा आहेत, आणि तो तिन्हींवरून शेवटापर्यंत चालून पाहतो.

पहिल्या वाटेत समासातले पहिले पद प्रधान, म्हणजे नकार मुख्य. ‘अमक्षिकम्’ म्हणजे माश्यांचा अभाव, तसे अविद्या म्हणजे विद्येचा अभाव. पण मग अभाव क्लेशांचे बीज कसा होणार? शिवाय मला वाटते, ही वाट आपल्यालाही लगेच नाकारता यावी, कारण तिने गेलो तर भिंतीत सगळ्यात जास्त अविद्या सापडायला हवी. भिंतीला कसलीच विद्या नाही, आणि तरीही ती कशावर भाळत नाही की कुणाचा द्वेष करत नाही. दुसऱ्या वाटेत शेवटचे पद प्रधान. तसे धरले तर अविद्या ही मुळात विद्याच, फक्त तिच्यात कशाची तरी उणीव. पण विद्या क्लेशांचा नाश करते. तीच त्यांना जन्म कशी देईल? तिसऱ्या वाटेत समासाबाहेरची तिसरीच गोष्ट प्रधान. ‘अमक्षिक’ देश म्हणजे माश्या नसलेला देश, तशी अविद्या म्हणजे विद्या नसलेली बुद्धी. ही वाट सगळ्यात पटण्यासारखी दिसते, आणि वाचस्पतीचे उत्तरही इथेच सगळ्यात धारदार आहे. विवेकख्याती मिळवून, मग तीही शांत करून, योगी निरोधाच्या अवस्थेत पोहोचतो तेव्हा त्याच्या बुद्धीत विद्येची वृत्तीसुद्धा उठत नाही. विद्या नसणे हेच क्लेशाचे बीज असेल, तर मुक्तीच्या उंबरठ्यावरची ही बुद्धीही क्लेशाचे बीज ठरेल.

तिन्ही वाटा अडल्यावर तो व्याकरणाच्याही मागे जातो. शब्द आणि अर्थ यांचे नाते लोकव्यवहारावरून कळते. लोकांत नञ् अनेकदा पुढच्या पदाच्या अर्थाला दूर सारून त्याच्या विरोधी वस्तूकडे नेताना दिसतो, जसा ‘अमित्र’मध्ये. अविद्येतही तसेच घ्यावे. ही तपासणी मला फार मोलाची वाटते, कारण इथे कोणी आपल्या सिद्धान्ताच्या सोयीने समास निवडलेला नाही. प्रत्येक अर्थ खरा मानला तर शास्त्रात पुढे काय कोसळते, हे पाहून तो निवडला आहे.

याच ‘अमित्रा’चा दाखला बौद्धांकडेही सापडतो. चौथ्या-पाचव्या शतकातल्या वसुबंधूने अभिधर्मकोशात अविद्येचा विचार करताना अमित्र आणि अनृत हे शब्द पुढे केले. अनृत म्हणजे सत्याचा अभाव नव्हे, नाहीतर मौनही अनृत ठरले असते. अनृत म्हणजे खोटे बोलणे. प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्यांत पहिली कडी अविद्या आहे आणि तिच्यामुळे संस्कार उत्पन्न होतात. तिची गणना बंधनांत होते. हे सगळे अभावाला जमणारे नाही, म्हणून अविद्या हा विद्येच्या विरोधी असलेला एक वेगळा धर्म आहे. इथवर योगभाष्य आणि वसुबंधू हातात हात घालून चालतात.

पुढे मात्र ते वेगळे होतात, आणि तिथे खरा धडा आहे. वसुबंधूपुढे एक आक्षेप येतो: वाईट बायकोला लोक ‘अभार्या’ म्हणतात, तर वाईट प्रज्ञेलाच अविद्या का म्हणू नये? नञ्चा हीनपणाचा अर्थ व्याकरणाला मान्य आहेच. वसुबंधू हे नाकारतो, आणि नाकारताना समासाचा नव्हे, मनाच्या रचनेचा आधार घेतो. वाईट प्रज्ञेत चुकीची मते येतात, आणि मत म्हणजे प्रज्ञेचाच एक प्रकार. अविद्या त्या मतांच्या सोबत असते असे शास्त्र सांगते. पण एकाच क्षणी एका चित्तात दोन प्रज्ञा राहू शकत नाहीत. दुसरे असे की, अविद्या प्रज्ञेला मलिन करते असे वचन आहे, आणि प्रज्ञा स्वतःला कशी मलिन करेल? म्हणजे योगभाष्य जिला ‘दुसरे ज्ञान’ म्हणते, ती वसुबंधूच्या मते ज्ञानाच्या जातीचीच नाही. ‘अ’चा अर्थ दोघांनी एकच ठरवला: विरोध. पण विरोध करणारी ती वस्तू कोण, हे त्या अक्षराने दोघांपैकी एकालाही सांगितले नाही. तेवढे काम शास्त्राला स्वतःच करावे लागले.

अद्वैत वेदान्तात, विशेषतः विवरण परंपरेत, ही भूमिका आणखी पुढे गेली. अज्ञान हे भावरूप आहे, झाकणारे आणि आभास उभे करणारे आहे, असे तिथे मांडले गेले. रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात यावर नेमका नञ्चाच प्रश्न टाकला. अज्ञान म्हणजे ज्ञानाचा अभाव म्हणा, ज्ञानाहून वेगळे म्हणा किंवा ज्ञानाचे विरोधी म्हणा. तिन्ही अर्थ समजायला आधी ज्ञान म्हणजे काय हे समजलेले असावे लागते. मग ‘भावरूप’ असे नाव देऊन काय साधले? ज्ञानाची अपेक्षा न ठेवता ते उभे राहू शकते, असे तर त्याने सिद्ध होत नाही. आक्षेपाचे बळ मान्य करायलाच हवे. नकारातून एखाद्या वस्तूची जागा दाखवता येते, पण त्या जागी वस्तू आहेच हे नकार सिद्ध करू शकत नाही.

मराठीत या वादाचे वेगळेच टोक आहे, आणि ते ज्ञानदेवांनी गाठले. अमृतानुभवाचे सातवे प्रकरण अज्ञानखंडनाचे आहे, ग्रंथातले सगळ्यात मोठे. त्याआधी सहाव्या प्रकरणात, शब्दाचे सामर्थ्य तपासताना, ते ‘अविद्या’ या नावाची फोड करतात. तिथे ते विद्येचा ज्ञानवाचक अर्थ बाजूला ठेवतात आणि ‘विद्यमान’ असण्यातला धातू पकडतात. अविद्या हे नावच सांगते की ती विद्यमान नाही. संस्कृतात जाणणे आणि असणे या दोन्ही अर्थांचे ‘विद्’ धातू आहेत, म्हणून ही फोड भाषेला सोडून नाही. योगभाष्याने ज्या ‘अ’तून शत्रू उभा केला, त्याच ‘अ’तून ज्ञानदेव शत्रू नसल्याची कबुली काढतात. त्यांचा प्रश्नही निराळा होता. योगाला क्लेशांचे कारण शोधायचे होते, तर ज्ञानदेवांना हे पाहायचे होते की अविद्येचा नाश करतो असे म्हणणाऱ्या शब्दापुढे मुळात मारायला कोणी उभे आहे का.

आणि ते तेवढ्यावर थांबत नाहीत. अज्ञान गेले की त्याच्याशी तुलना करून ज्याला ज्ञान म्हणत होतो, त्या ज्ञानाचेही काम संपते, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले आहे. अमित्र उरला नाही तर ‘मित्र’ म्हणून वेगळा कोणी दाखवावा लागत नाही. आत्मवस्तू ज्ञान आणि अज्ञान या दोन्ही नावांच्या अलीकडे राहते, आणि तिला ‘अ’ लावता येत नाही, तसाच काढताही येत नाही.